मेडिकलची पुस्तकं : नवी, जुनी की भाड्याने?

लेकीची_आई : मुलीला पुण्यात एमबीबीएसला ॲडमिशन मिळाली. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांची यादी दुकानदाराने हातात दिली आणि टोटल ऐकून मी खाली बसले. कोणी म्हणतं जुनी घ्या, कोणी म्हणतं बुक बँकेतून भाड्याने घ्या, दीर म्हणतात डॉक्टर व्हायचंय तर नवीच घ्या. नक्की स्वस्त काय पडतं?

अप्पाचौकवाला : माझ्या भाचीची गोष्ट सांगतो, त्यात तुमचं उत्तर आहे, आणि ती कुठे फसली तेही आहे. आकडे तिच्या वर्षाचे, गोल करून. यादीतली बाकीची पुस्तकं सोडा, फक्त ॲनाटॉमी धरा. चार खंडांचा संच, छापील किंमत चार हजार. अप्पा बळवंत चौकात नवा संच वीस टक्के सूट देऊन 3200 ला. तोच जुना निम्म्या किमतीत, म्हणजे 2000. कॉलेजच्या बुक बँकेत वर्षाचं भाडं छापील किमतीच्या वीस टक्के म्हणजे 800, आणि वर डिपॉझिट, जे परत मिळतं.

आता पोरीने डोकं चालवलं. म्हणाली मामा, घेताना किती गेले ते नको बघू, वर्षअखेर परत किती आले ते बघ. दुकानदार नवं पुस्तक वर्षाने छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांनी परत घ्यायचा, म्हणजे 1600 आले, खर्च 1600. जुन्याचे तीस टक्के, 1200 आले, खर्च 800. आणि बुक बँकेचं भाडं 800. म्हणजे जुनं आणि भाड्याचं बरोबरीत. मग तिने जुनं घेतलं, कारण बुक बँकेची पुस्तकं परीक्षेच्या आधी नो ड्यूजसाठी जमा करायची होती, आणि नेमकं तेव्हाच तर पुस्तक हातात पाहिजे ना! मलाही तिचं पटलं होतं.

फुटपाथवाल्याने "फुल सेट" म्हणून तीन खंड बांधून दिले, 1500 ला. पोरगी खूश, की चौथा बहुतेक नसतोच वाटतं. सात-आठ महिन्यांनी ब्रेन सुरू झाला आणि कळलं की ब्रेन कुठेच नाही. झालं असं की तो संच आधी तीन खंडांचा होता, डोकं-मान आणि ब्रेन एकाच तिसऱ्या खंडात, मग नंतरच्या आवृत्तीत ब्रेन वेगळा काढून चौथा खंड केला. तिला मिळाले होते पहिले दोन खंड जुन्या आवृत्तीतले आणि तिसरा नव्यातला, म्हणजे ज्यातून ब्रेन काढून टाकलाय तो! चौथा खंड त्या घाईत नवा घ्यावा लागला, 800. एकूण 2300.

आणि वर्ष संपता संपता पुढची आवृत्ती आली. दुकानदाराने चारही खंड उलटेपालटे करून बघितले आणि सगळ्याचे मिळून 600 दिले. खर्च 1700. बुक बँकेतून घेतलं असतं तर 800 च.

डॉ_निवांत : पूर्ण असहमत. हा सगळा हिशोब पुस्तक म्हणजे रिक्षा आहे असं धरून केलाय, बसलो, उतरलो, पैसे दिले. पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी नंतर सर्जरीत लागते, आणि नीट पीजीला एकोणीसच्या एकोणीस विषय येतात, ॲनाटॉमी धरून. माझा संच अजून माझ्याकडे आहे, त्यातल्या आकृत्यांवर मी रंगीत पेनाने गिरवलेलं आहे, ते बघितलं की पान आठवतं. भाड्याच्या पुस्तकावर काही लिहिता येत नाही. ज्या दिवशी परत केलं त्या दिवशी डोक्यातलं अर्धं परत केलं असं समजा.

शेवटचाबाक : डॉक्टरसाहेब, गिरवलेल्या आकृत्यांचा मुद्दा मान्य. पण पीजीच्या तयारीला मूळ पुस्तक किती जण उघडतात? आमच्या बॅचला सगळ्यांच्या हातात कोचिंगच्या नोट्स आणि प्रश्नसंच होते, जाड पुस्तक माळ्यावर. माझी आई त्यावर लोणच्याची बरणी ठेवते, खोटं नाही.

डॉ_निवांत : बरणी ठेवायला तरी पुस्तक घरात आहे ना, भाड्याने घेतलं असतं तर तेही नव्हतं :) बाकी तुमच्या बॅचचं तुम्हाला माहीत, मी तरी अडलं की मूळ पुस्तकच उघडायचो.

झेरॉक्ससम्राट : एवढं कशाला करायचं? हॉस्टेलच्या बाहेर पूर्ण पुस्तक स्पायरल बाइंडिंग करून मिळतं, निम्म्याच्याही खाली. आणि हे कायदेशीर आहे, दिल्ली हायकोर्टाने 2016 मध्येच सांगितलंय की विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्स चालते.

अप्पाचौकवाला : अर्धं ऐकलंय तुम्ही. ती केस दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाची होती, आणि वाद होता कोर्स पॅकचा, म्हणजे वेगवेगळ्या पुस्तकांतले शिकवण्यासाठी निवडलेले भाग एकत्र करून दिलेले. कोर्टाने कॉपीराइट कायद्यातल्या 52 व्या कलमातली शिक्षणासाठीची सूट धरली. त्यावर अपील झालं, दोन न्यायमूर्तींनी शिक्षणाचा मुद्दा मानला पण घेतलेला भाग खरंच शिकवण्याला लागण्याइतकाच आहे का ते तपासा म्हणून प्रकरण परत पाठवलं, आणि 2017 मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. आख्खं पुस्तक छापून हॉस्टेलबाहेर विका असं कोणीही म्हटलेलं नाही.

आणि कायदा सोडा, ॲटलास झेरॉक्स करून बघा एकदा. काळ्या-पांढऱ्यात धमनी कुठली, शीर कुठली आणि नर्व्ह कुठली हे कसं सांगणार? हिस्टॉलॉजीचे फोटो तर सगळे गुलाबी-जांभळे असतात, त्यातला तो रंगातला फरक हाच अभ्यास. फुटपाथवर नवी म्हणून मिळणारी नकली पुस्तकंही तिथेच पकडायची. कागद पातळ, मागच्या पानाचं पुढे दिसतं, आणि रंगीत आकृतीची रेघ एकीकडे आणि रंग थोडा सरकलेला दुसरीकडे. हे दिसलं की ठेवून द्यायचं, मग किंमत काहीही असो.

न्यूजर्सीची_मंजिरी : आमच्याकडे अमेरिकेत तर भाड्याने घेणं अगदी नॉर्मल आहे, सेमिस्टर संपला की बॉक्समध्ये भरून परत पाठवायचं. पण मी जुनं पुस्तक घेऊन फसले होते, कारण होमवर्क ऑनलाइन होतं आणि त्याचा ॲक्सेस कोड नव्या पुस्तकाच्या आत एकदाच वापरता येतो, जुन्याचा वापरून झालेला. मग कोड वेगळा घेतला, आणि तो जुन्या पुस्तकापेक्षा महाग. भारतातून स्वस्त आवृत्ती मागवणारे मित्र पण होते. त्यावर तिकडे सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती, कॉर्नेलला शिकणाऱ्या थाई मुलाची, 2013 मध्ये तो जिंकला, म्हणजे बाहेरून आणलेली खरी प्रत विकायला हरकत नाही असं ठरलं. सॉरी, मूळ प्रश्न पुण्याचा होता ना? ताईंनी ॲक्सेस कोड तरी विचारून घ्यावा.

शेवटचाबाक : पहिल्या वर्षाला कोडबिड काही नसतं मंजिरीताई. मधूनमधून ऑनलाइनचा कूपन पुस्तकाला चिकटवलेला असतो, तो जुन्यात खरवडलेला मिळतो, पण त्याच्यावाचून कोणाचं अडलेलं बघितलं नाही. खरवडलेला दिसला तर भाव मात्र नक्की पाडून घ्यायचा.

बोनसेट_विकणेआहे : पुस्तकाचं राहू द्या, बोनसेट घेतला का? माझ्याकडे आहे, एक पटेला सोडला तर पूर्ण.

लेकीची_आई : हाडं पण विकत घ्यायची असतात???

शेवटचाबाक : असतात काकू, सीनियरकडून घ्यायची आणि पुढच्या वर्षी ज्युनियरला द्यायची. आणि त्यातच खरी गंमत बघा, बोनसेटचा भाव कधी पडत नाही कारण हाडाची नवी आवृत्ती निघत नाही! म्हणून तो भाड्याने घेणारा कोणी भेटत नाही. पुस्तकाचं भाडं म्हणजे दुसरं काय, नवी आवृत्ती आली तर नुकसान लायब्ररीचं.

अप्पाचौकवाला : बरोब्बर, हेच सांगायचं होतं आणि मी चार प्यारे घेतले. जुनं आणि भाड्याचं बरोबरीत आलं तर भाड्याचं घ्या, कारण जुन्यात आवृत्ती बदलण्याची जोखीम तुमच्या माथी. फक्त नो ड्यूजची तारीख आधी विचारा. आमच्या भाचीच्या मैत्रिणीने बुक बँकेतून घेतलं, तारखेला परत केलं आणि शेवटचे पंधरा दिवस लायब्ररीच्या रेफरन्स विभागात बसून काढले, तिथून पुस्तक घरी देत नाहीत पण वाचायला मिळतं. जागा मात्र सकाळी सातलाच धरावी लागायची.

डॉ_निवांत : आणि नापास झाली तर? पुरवणी परीक्षेच्या वेळी भाड्याचं पुस्तक हातात नाही. नवी आवृत्ती आली म्हणून जुनं वाईट होत नाही हेही तुम्ही कोणी बोलत नाही आहात. 2019 पासून नवा सीबीएमई अभ्यासक्रम आला म्हणून पुस्तकांत प्रत्येक प्रकरणाला कॉम्पिटन्सीचे नंबर छापायला लागले, पण ते नंबर नॅशनल मेडिकल कमिशनच्या पीडीएफमध्ये फुकट आहेत. खांदा 2018 मध्येही तिथेच होता.

अप्पाचौकवाला : खांद्याचं मान्य! ॲनाटॉमी दोन आवृत्त्या मागची चालेल, मी स्वतः तेच म्हणेन, फक्त सगळे खंड एकाच आवृत्तीचे पाहिजेत. बायोकेमिस्ट्रीला मी तेवढा बिनधास्त नाही. पुरवणीच्या मुद्द्यावर उत्तर नाही माझ्याकडे, ते मुलीने ठरवायचं.

लेकीची_आई : सगळ्यांचे आभार. लेक सीनियरशी बोलली, तीन खंडांचा जुना संच 900 ला देतोय, पण म्हणतो नावाचं पान आणि अनुक्रमणिका फाटलेली आहे. आवृत्ती कशी कळणार मग?

शेवटचाबाक : तिसऱ्या खंडाचं मागचं टोक उघडायला सांगा. ब्रेन असेल तर तीनच खंडांचा काळ, घ्या. नसेल तर चौथा कुठाय विचारा.

बोनसेट_विकणेआहे : पटेला सापडला, बोनसेट पूर्ण आहे आता.