शब्दचर्चा: ‘अनियमितता’ की ‘विसंगती’, आणि दोन वेळच्या ताळ्याला काय म्हणावे?

कॉलेज रोडवाली
मी नाशिकमधील एका लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम करते. अंबडच्या एका लघुउद्योगाचे लेखापरीक्षण सुरू करताना, एप्रिलमधल्या कच्च्या ट्रायल बॅलन्सवरून आम्ही काही गुणोत्तरे काढली आणि मालकांना मराठीत पत्र लिहायचे काम माझ्याकडे आले. त्यात मी ‘आपल्या हिशेबात पुढील अनियमितता आढळल्या आहेत’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी मालक पत्र हातात घेऊन कार्यालयात आले आणि ‘मी घोटाळा केला असे तुम्हाला म्हणायचे आहे का?’ असे विचारू लागले. मला फक्त एवढेच म्हणायचे होते की आकडे अपेक्षेप्रमाणे दिसत नाहीत. इंग्रजीतल्या ‘ॲनॉमली’साठी मराठीत कोणता शब्द बरोबर? आणि आखणीच्या व शेवटच्या टप्प्यावर आकड्यांची जी तुलना होते, तिला ‘विश्लेषणात्मक कार्यपद्धती’ याखेरीज काही सुटसुटीत नाव आहे का?

जुना मुनीम
तुलना हा शब्द पुरेसा आहे. मागच्या वर्षाचा आकडा, या वर्षाचा आकडा आणि त्यांतील फरक. फरक नसेल तर काळजी नाही, असेल तर विचारायचे. आमच्या काळी पेढीवर दिवाळीला हेच होत असे आणि त्याला कोणी कार्यपद्धती म्हणत नव्हते.

सातपूरकर
मुनीमजी, आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. फरक दिसला की विचारायचे, हे खरे. पण फरक नसला की काळजी नाही, हे खरे नाही. कच्चा माल वर्षभरात बराच महागला, विक्रीचा भाव मात्र तोच राहिला, आणि तरीही ढोबळ नफ्याचे प्रमाण गेल्या वर्षीइतकेच दिसत असेल, तर तो न बदललेला आकडाच संशयास्पद आहे. म्हणून तुलना मागच्या वर्षाशी नसते, अपेक्षेशी असते. मागचे वर्ष हा ती अपेक्षा बांधण्याचा केवळ एक आधार आहे. शिवाय अपेक्षा आकडा पाहण्याआधी मनाशी ठरवलेली बरी, कारण एकदा आकडा पाहिला की माणूस त्याला साजेसे कारण शोधू लागतो.

त्यामुळे शब्द ‘विसंगती’ हाच. ज्याच्याशी संगती अपेक्षित होती, त्याच्याशी ती जुळली नाही, एवढेच तो सांगतो. ‘अनियमितता’ म्हणजे नियम मोडला गेला आहे, आणि आखणीच्या टप्प्यावर ते कोणालाच ठाऊक नसते. मालकांचा राग रास्त होता.

पण त्या पत्रात नेमके काय होते, ते सांगाल का? आकड्यांशिवाय शब्दाचा निवाडा अवघड आहे.

कॉलेज रोडवाली
आकडे थोडे बदलून सांगते. विक्री १२ कोटींवरून १३ कोटी २० लाखांवर गेली. ढोबळ नफा गेली काही वर्षे २२ टक्क्यांच्या आसपास होता, तो एकदम २६ टक्के झाला. अखेरचा साठा १ कोटी ४० लाखांवरून २ कोटी ५ लाख झाला. म्हणजे साठा पूर्वी सुमारे ५५ दिवसांचा होता, तो ७७ दिवसांचा झाला. मालकांचे म्हणणे होते की पोलाद स्वस्त झाले म्हणून नफा वाढला.

सोसायटीचा खजिनदार
गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीतही असेच झाले आहे. पाण्याच्या टँकरचा खर्च दुप्पट झाला, पण सभासद म्हणतात की उन्हाळा कडक होता. मी त्याला अनियमितता म्हणू की विसंगती? आणि आमच्या लेखापरीक्षकांनी हे का विचारले नाही?

सातपूरकर
खजिनदारसाहेब, टँकर किती आले याची नोंद सुरक्षारक्षकाच्या वहीत असेल, तर उन्हाळ्याचे कारण तिथेच तपासता येईल. लेखापरीक्षकांनी का विचारले नाही, याचे उत्तर मी इथून देऊ शकत नाही.

आता मूळ प्रकरण. पोलाद स्वस्त झाले तर नफा वाढेल, हे ऐकायला पटते. पण पोलाद स्वस्त झाले असेल तर शिल्लक मालाचे मोलही किलोमागे उतरायला हवे; ते वाढले तर मालाचे वजन खूपच वाढलेले असले पाहिजे. एक कारण दोन्ही आकड्यांना लागू पडत नसेल, तर ते कारण अपुरे आहे. आता २२ टक्क्यांचे प्रमाण धरा. विकलेल्या मालाची किंमत सुमारे १० कोटी ३० लाख यायला हवी होती, ती ९ कोटी ७७ लाखच आहे. फरक सुमारे ५३ लाखांचा. तिकडे त्याच १० कोटी ३० लाखांवर ५५ दिवसांचा साठा सुमारे १ कोटी ५५ लाख भरतो, म्हणजे जास्तीचा साठा सुमारे ५० लाखांचा. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच रक्कम निघते. माझा कयास साठ्याच्या यादीकडे जातो, पण हा कयासच आहे. गुणोत्तर कुठे पाहायचे ते दाखवते, काय घडले ते कागदच सांगतात.

कॉलेज रोडवाली
तसेच निघाले. प्लेटिंगसाठी जॉबवर्कला गेलेला माल यादीत दोनदा धरला होता, एकदा कारखान्यात आणि एकदा प्लेटिंगवाल्याकडे. माल पाठवल्याची चलने आणि प्लेटिंगवाल्याचे लेखी उत्तर जुळवल्यावर ४८ लाख कमी झाले. मालकांनी ते मुद्दाम केले नव्हते. यादी दोघांनी वेगवेगळी लिहिली होती. दुरुस्तीनंतर नफा २२.४ टक्के आणि साठा ५६ दिवसांचा झाला.

मराठीप्रेमी
मग याला ‘ताळा’ म्हणा ना! शाळेत भागाकाराचा ताळा करत होतो, तसाच हा हिशेबाचा ताळा. पहिला ताळा आणि अखेरचा ताळा. ‘ताळेबंद’ या शब्दातही तोच ताळा आहे.

जुना मुनीम
ताळेबंद म्हणजे वहीला टाळे लावून ती बंद करणे, असे आमचे शेठ सांगत.

मराठीप्रेमी
टाळे वेगळे आणि ताळा वेगळा. शेठजींची व्युत्पत्ती गोड आहे, इतकेच म्हणतो.

सातपूरकर
‘ताळा’ मला आवडतो, पण त्याची एक अडचण आहे. भागाकाराच्या ताळ्यात उत्तर एकच असते आणि ते जुळलेच पाहिजे. इथे अपेक्षा ही अंदाजाची असते आणि थोडा फरक चालतो. आखणीच्या वेळी आपण कुठे खणायचे ते ठरवतो. शेवटी, दुरुस्त्या झाल्यावर, तयार वित्तीय विवरणे या धंद्याविषयी आपल्याला जे कळले त्याच्याशी जुळतात का, ते पाहतो. लेखापरीक्षण मानक ५२० मध्येही अखेरची ही पाहणी आवश्यक आहे. हेतू वेगळे, म्हणून नावेही वेगळी असावीत.

बाई, शेवटच्या वेळी करपूर्व नफ्याशी कराचे प्रमाण पाहिलेत का? माझा अनुभव असा की मोठी दुरुस्ती झाली की कराची तरतूद जुन्याच नफ्यावर राहून जाते.

कॉलेज रोडवाली
नेमके तेच घडले होते! करपूर्व नफा १ कोटी ४० लाखांवरून ९२ लाखांवर आला, पण तरतूद ३५ लाख २४ हजारांचीच राहिली. कंपनी २५.१७ टक्क्यांचा दर घेते आणि प्रमाण ३८ टक्के दिसत होते, म्हणून वरिष्ठांनी फाइल परत पाठवली. तरतूद २३ लाख १५ हजार केली. पण ती चूक आमच्याच दुरुस्तीतून निघालेली. तिला ‘विसंगती’ म्हणायचे की सरळ ‘चूक’?

मराठीप्रेमी
सापडेपर्यंत विसंगती, सापडल्यावर चूक.

जुना मुनीम
आणि टाळे?