मदत हवी आहे : सनद ६ महिने निलंबित, स्थगिती कुठे मागावी?

माझ्या सीनियरांची सनद राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने ३ मार्चच्या आदेशाने ६ महिन्यांसाठी निलंबित केली. तक्रार अशिलाची, कागदपत्रे परत न केल्याची. आदेशाची प्रत टपालाने २८ मार्चला मिळाली, पाकीट जपून ठेवले आहे.

ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, मुदत आदेश कळवल्यापासून ६० दिवस, म्हणजे २७ मे. त्यानंतर कलम ३८ खाली सुप्रीम कोर्ट. इथवर स्पष्ट आहे. कलम ४४ च्या फेरविचाराचे ६० दिवस मात्र आदेशाच्या तारखेपासून, म्हणजे २ मेलाच संपतात, आणि आदेश बदलला तरी दिल्लीची मंजुरी लागतेच. म्हणून तो नाद सोडला.

खरी अडचण स्थगितीची. नुसत्या अपिलाने निलंबन थांबत नाही, आणि सुनावणी होईपर्यंत ६ महिने उलटले तर जिंकून काय उपयोग? वकीलपत्रे सध्या मी सांभाळतोय. अपिलाचा मसुदा तयार आहे, दाखल केलेला नाही.

कलम ४०(२) खाली आधी त्याच समितीकडे स्थगिती मागून ती नाकारली, तर अपिलासोबत ४०(१) खाली पुन्हा मागताना तो नकार आड येतो का? कुणी प्रत्यक्ष केले आहे?