मदत हवी आहे: ३०, ४५, ६० अंशांच्या साइन-कॉसच्या किमती दोन त्रिकोणांवरून कशा लक्षात ठेवायच्या?

निशिगंध
मुलगी दहावीत आहे. साइन, कॉस, टॅनचा तक्ता पाठ आहे तिचा, घरी विचारलं की धडाधड सांगते, पण पेपर सोडवायला बसली की साइन ३० आणि साइन ६० ची अदलाबदल होते, नाहीतर टॅन ३० ला √३ लिहून पुढे जाते आणि मग खालचं सगळं गणित चुकतच जातं. तिच्या सरांनी वर्गात दोन त्रिकोण काढून दाखवले होते, म्हणाले हे दोन जमले की तक्ता लागत नाही. वहीत आहेत ते. एकाच्या बाजू १, १, √२ आणि दुसऱ्याच्या १, २, √३. पण आता झालंय असं की तक्त्याऐवजी ती हे त्रिकोणच पाठ करतेय. काल तिने दुसऱ्या त्रिकोणात कर्णावर √३ लिहिलं, का तर म्हणे १, २, √३ असा क्रम आहे ना, मग शेवटचा तो कर्ण.

√३ नक्की कुठून येतो, कुठल्या बाजूवर का लिहायचा आणि मुळात ती २ कशासाठी, हे कोणी तिला समजेल अशा भाषेत सांगेल का? तक्ता मला नकोय, तो आहे आमच्याकडे.

रानवाट
अहो एकदम सोपं आहे. एक बाय एकचा चौरस घ्या, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका कापा. काटकोनाचे बरोबर दोन भाग होतात म्हणजे ४५-४५, आणि तिरकी रेघ पायथागोरसने √२. झाला पहिला त्रिकोण. आता एक बाय दोनचा आयत घ्या आणि तसाच तिरका कापा, छोटा कोन ३० आणि मोठा ६०. एक आणि दोन आले म्हणून साइन ३० एकछेद दोन. मी असंच लक्षात ठेवलंय.

जुनी_पाटी
रानवाट, चौरसाचं अगदी बरोबर सांगितलंत, पण आयताचं नाही जमत. एक बाय दोनच्या आयतात तिरकी रेघ √(१+४) म्हणजे √५ येते, √३ कुठेच येत नाही. आणि छोटा कोनही ३० नाही, साधारण साडेसव्वीस अंश होतो, कोनमापक लावून बघा. तुमच्या चित्रात १ आणि २ या काटकोनाला लागून असलेल्या बाजू आहेत, आपल्याला २ कर्णावर हवाय. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, त्यामुळे तुमच्या आयतात साइन १/√५ येईल.

निशिगंधताई, दुसरा त्रिकोण समभुज त्रिकोण कापून मिळतो. मुलीला कागद घेऊन बसवा आणि तयार आकृती दाखवू नका, तिलाच काढू दे. तिन्ही बाजू २, तिन्ही कोन ६०. वरच्या शिरोबिंदूपासून पायावर सरळ लंब टाकायचा. या एका रेघेने दोन गोष्टी एकदम अर्ध्या होतात, वरचा ६० चा कोन अर्धा होऊन ३० होतो आणि खालचा पाया अर्धा होऊन १ होतो. आता उजवा अर्धा भाग खोडून टाका. जो उरला त्यात वर ३०, खाली डावीकडे ६०, लंबाच्या पायाशी ९०. तिरकी बाजू मूळचीच आहे, तिला कोणी हात लावलेला नाही म्हणून ती २, आणि तीच काटकोनासमोर आहे म्हणून तोच कर्ण. पाया १. लंब किती ते माहीत नाही, तर पायथागोरस, ४ वजा १ म्हणजे ३, म्हणून √३.

म्हणजे √३ पाठ करायचाच नाही, तो सगळ्यात शेवटी काढायचा. कर्णावर √३ लिहिण्याची चूक यानेच जाते, कारण कर्ण २ आहे हे तिने कापायच्या आधीच लिहिलेलं असतं.

आणि २ का, तर अर्धा केल्यावर अपूर्णांक नको एवढ्यासाठी. तिला म्हणावं बाजू ६ घेऊन बघ. पाया ३, लंब √(३६−९) म्हणजे √२७ म्हणजे ३√३. साइन ३० काढ, ३ भागिले ६, परत १/२. त्रिकोण लहान घ्या मोठा घ्या, कोन तेच असतील तर गुणोत्तर हलत नाही. हे तिने स्वतःच्या हाताने एकदा करणं फार गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं, नाहीतर १, २, √३ हे तिला कुणीतरी ठरवून दिलेले आकडे वाटत राहतात.

रानवाट
कोनमापक लावून बघितलं, खरंच ३० भरत नाही. इतकी वर्षं आयतच धरून चाललो होतो, उत्तरं बरोबर यायची कारण किमती पाठ होत्या. समभुज आता पक्कं.

पारिजात
एवढं कशाला करायचं? ०, ३०, ४५, ६०, ९० असं ओळीने लिहा, खाली ०, १, २, ३, ४ लिहा, प्रत्येकाचं वर्गमूळ घ्या आणि २ ने भागा. साइनची पूर्ण ओळ तयार. उलटी लिहिली की कॉस. माझ्या मुलाला हेच शिकवलंय, अर्ध्या मिनिटात होतं.

जुनी_पाटी
पारिजात, ही ओळ खरी आहे आणि पडताळ्याला उत्तम आहे. पण ती नुसती ओळ आहे. मुलाच्या डोक्यात ओळ साइनची की कॉसची, चढती की उतरती, असा गोंधळ झाला तर सोडवायला हातात काहीच नसतं. त्रिकोण समोर असला की विचारता येतं, ३० च्या समोर कोण आहे? १. तो सगळ्यात लहान कोन आहे आणि त्याच्यासमोर सगळ्यात लहान बाजू आहे, बरोबर बसतंय. कर्ण २. झालं १/२. ६० च्या समोर कोण? लंब, √३. म्हणून √३/२. आणि कॉस ६० साठी लगतची बाजू म्हणजे तोच पाया, १/२. साइन ३० आणि कॉस ६० एकच का, तर एकाच बाजूकडे दोन टोकांवरून बघतोय, ३० वाल्याला ती समोर दिसते आणि ६० वाल्याला शेजारी.

धुकं
माझ्याकडे साइन ३० चं उत्तर उणे ०.९८८ येतंय, फोनमधल्या कॅलक्युलेटरवर. त्रिकोण चुकीचा आहे का मग? उणे कसं येईल?

पारिजात
धुकं, तुमचा कॅलक्युलेटर रेडियनवर आहे, डिग्रीवर करा, ०.५ येईल. इथे विषय तोंडी किमतींचा चाललाय.

निशिगंध
जुनी_पाटी, खूप खूप आभार, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच करायला लावलं. बाजू ६ घेतल्यावर ती स्वतःच म्हणाली की मग १० घेतली तरी तेच येणार. त्रिकोण आता न बघता काढते आणि √३ शेवटी लिहिते. टॅन मात्र अजून गडबडतोय, टॅन ३० आणि टॅन ६०. खास करून उंचीच्या गणितात. काल सोडवलेलं हे गणित बघा: मनोऱ्यापासून काही अंतरावर उभं राहून टोक बघितलं तर उन्नत कोन ३०, मनोऱ्याकडे ४० मीटर चालत गेल्यावर तो ६०, मनोऱ्याची उंची काढा. तिचं उत्तर उणे आलं आणि तिने ते तसंच लिहून टाकलं.

जुनी_पाटी
उत्तर उणे का आलं ते बघितलं की टॅन कायमचा बसेल बहुतेक. दुसऱ्या जागेपासून मनोऱ्यापर्यंत अंतर क्ष धरू आणि उंची उ.

जवळच्या जागेवर ६०. टॅन म्हणजे समोरची भागिले लगतची. आपल्या त्रिकोणात ६० च्या समोर √३ आणि शेजारी १, म्हणून टॅन ६० = √३, म्हणजे उ = √३ × क्ष. लांबच्या जागेवर ३०, तिथे समोर १ आणि शेजारी √३, म्हणून टॅन ३० = १/√३, म्हणजे क्ष + ४० = √३ × उ. पहिल्यातला उ इथे घाला, √३ गुणिले √३ म्हणजे ३, तर क्ष + ४० = ३क्ष. क्ष = २०, उ = २०√३, जवळजवळ ३४.६ मीटर.

आता तिच्यासारखी अदलाबदल करा, ३० ला √३ आणि ६० ला १/√३. मग क्ष = ३ × (क्ष + ४०) येतं आणि क्ष निघतो उणे ६०. अंतर उणे असूच शकत नाही, तेव्हा तिथेच थांबून वर बघायचं.

पण तिथपर्यंत जाऊच नये यासाठी एक गोष्ट: ४५ च्या त्रिकोणात दोन्ही बाजू १, म्हणून टॅन ४५ बरोबर १. कोन ४५ पेक्षा कमी म्हणजे चढ कमी, टॅन १ पेक्षा कमीच हवा. १/√३ म्हणजे ०.५८ च्या आसपास, √३ म्हणजे १.७३. टॅन ३० ला १.७३ लिहिलं गेलं की लगेच खटकायला पाहिजे. √३ हा १.७३ आहे हे तिला माहीत असू दे, त्याने कर्णाचंही कळतं, १.७३ हा २ पेक्षा लहान आहे तर तो सगळ्यात मोठी बाजू कसा असेल?

कर्णरेषा
मध्येच विचारतो. साइन ४५ ला १/√२ लिहायचं की √२/२? आमच्या सरांनी १/√२ चालणार नाही म्हणून मार्क कापले.

पारिजात
दोन्ही एकच, वर-खाली √२ ने गुणा. छेदात मूळ ठेवू नये अशी पद्धत आहे, ती लिहिण्याची झाली.

जुनी_पाटी
मला विचाराल तर गणित चालू असताना १/√२ च ठेवावं, चौरस कापून तेच थेट मिळतं आणि पुढे √२ आला तर उडून जातं. शेवटच्या उत्तरात छेद मोकळा करा. मार्क कापावेत का, यावर मात्र शिक्षकांचंच एकमत नाही, तुमचे सर जे मागतात ते लिहा.

कर्णरेषा
मागतात ते लिहीन, पण कापायला नको होते असंच मला वाटतं.

निशिगंध
उणे ६० चं तिला दाखवलं, स्वतःच वर जाऊन टॅन दुरुस्त केला. आता तिचा प्रश्न आहे की ० आणि ९० या दोन त्रिकोणांत कुठे आहेत?

जुनी_पाटी
नाहीत. ० अंशाचा कोन असलेला त्रिकोणच काढता येत नाही, तो आडवा होऊन रेघ होतो. तिला म्हणावं कर्ण २ तसाच ठेवून कोन हळूहळू लहान करत जा, समोरची बाजू ० कडे जाते आणि लगतची कर्णाएवढी व्हायला लागते, म्हणून साइन ० शून्य आणि कॉस ० एक. ९० ला बरोबर उलटं, आणि तिथे लगतची बाजू शून्य झाल्यामुळे टॅनमध्ये भागायला काही उरत नाही, म्हणून टॅन ९० काढताच येत नाही. तिथे पारिजातची ओळ जास्त सोयीची आहे, ती वापरू दे.

धुकं
डिग्रीवर केलं, ०.५ आलं. १५ अंशांचं पण असंच काही कापून मिळतं का?