मागचेच केस बारीक असतील तर

"सोलापुरातल्या क्लिनिकने आईला केसांचं ट्रान्सप्लांट सुचवलंय. भांग रुंद झालाय, केस सगळीकडूनच विरळ आहेत. करावं का?"

ताई, आधी डोक्याची मागची बाजू तपासून घ्या. पुरुषांना टक्कल पडलं तरी मागचे केस सहसा दाट राहतात, तेच काढून पुढे लावतात. बायकांचे केस सगळीकडून विरळ होतात, तेव्हा बहुतेकदा मागचेही बारीक होत चाललेले असतात. ते पुढे लावले तरी तिथेही विरळच होणार. माझ्या वहिनीच्या डोक्याला मागे केस मोठे करून दाखवणारा डर्मोस्कोप टेकवला, तर जाड केसांच्या मधे मधे सुतासारखे पातळ केस दिसले. डॉक्टर सरळ नाही म्हणाले (असे भेटायला नशीब लागतं!). शिवाय केस लावायला छिद्रं पाडली की शेजारचे टिकलेले केसही गळू शकतात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासून वहिनीला मिनॉक्सिडिल हे केसांसाठीचं औषध दिलं.