खपली काढायची की नाही?

मुक्ता: मुलाच्या (वय ५) नाकाखाली आणि हनुवटीवर चार फोड आले, फुटले, आणि आता वर मधाच्या रंगाची खपली आहे. डॉक्टरांनी इम्पेटिगो, म्हणजे त्वचेचा पसरणारा जंतुसंसर्ग, सांगून म्युपिरोसिन मलमाची ट्यूब दिली, दिवसातून तीनदा, पाच दिवस. सासूबाई म्हणतात खपलीला हात लावू नकोस. धाकटी दोन वर्षांची, सतत त्याच्या अंगाखांद्यावर. तिला कसं सांभाळू?

जुनं_खोड: सासूबाई बरोबर बोलतात. खपली ही निसर्गाची पट्टी. ओढली की रक्त येणार. उघडं ठेवा, आपोआप सुकेल.

केतकी: ओढायची नाही, एवढं मान्य. पण ही खरचटल्यावरची खपली नव्हे, तो वाळलेला स्राव आहे आणि त्यात जिवाणू असतात. मलम वरून फासलं तर वरच राहतं. मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे, पाच दिवस मलम लावूनही फरक नाही म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण हेच करत असतात. स्वच्छ कापड कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पाच-दहा मिनिटं खपलीवर धरा, मग हलकेच टिपा. सुटेल तेवढीच काढा, उरलेली पुढच्या वेळी. खाली लाल, ओलसर त्वचा दिसेल. मलम तिथे. आधी आणि नंतर हात धुवा, ते कापड दुसऱ्या कोणाला लागू देऊ नका.

संदीप_क: माझ्याकडे गजकर्णाची ट्यूब आहे, दोन दिवसांत लाली जाते. ती चालेल का?

केतकी: नको! तसल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. लाली दबते, जंतुसंसर्ग आत पसरतो.

वृंदा: मलमाचा खटाटोप कशाला, सरळ तोंडावाटे अँटिबायोटिक द्यावं. आमच्याकडे तिघांनाही झालं होतं, सिरपनेच गेलं.

केतकी: तिघांना झालं म्हणूनच सिरप. तसंच फोड खूप पसरले, मोठे झाले किंवा ताप आला तर. चार फोडांना मलम पुरतं.

जुनं_खोड: मग धाकटीलाही आधीच मलम लावून टाका की.

केतकी: अंगावर काही नसताना नको. वारंवार होत असेल तर नाकात लावायला देतात, पण ते डॉक्टर ठरवतील, आणि त्यातही मतं वेगवेगळी आहेत. मुक्ता, मुलाची नखं आजच कापा. नाकात बोट, तेच बोट बहिणीच्या गालावर, असंच पसरतं. टॉवेल, उशी वेगळी, अभ्रा रोज गरम पाण्यात. मलम सुरू करून ४८ तास होईपर्यंत किंवा खपल्या सुकेपर्यंत एकत्र झोपवू नका, शाळाही नको.

वृंदा: आमच्या मधल्याचे फोड बरे झाल्यावर दोन आठवड्यांनी सकाळी डोळे सुजलेले, लघवी चहासारखी. मूत्रपिंडाला सूज निघाली. सिरप पूर्ण दिलं होतं तरी.

केतकी: क्वचित होतं, औषधाने टळेलच असं नाही. तसं दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

मुक्ता: भिजवून टिपलं, तीनपैकी दोन खपल्या सुटल्या. चौथी त्याने स्वतःच उपटली होती. आणि आता धाकटीच्या नाकपुडीशी एक लाल ठिपका दिसतोय. सकाळी तिलाही घेऊन जाते.