मदत हवी आहे: ट्रीच्या प्रूफला ‘का?’ असा शेरा, काय राहिलं?

अर्धी_वही
असाइनमेंटमध्ये एका प्रश्नाचे दोन भाग होते.

पहिला: एका ट्रीत ४ डिग्रीचे तीन व्हर्टेक्स, ३ डिग्रीचे दोन, २ डिग्रीचा एक आणि बाकी सगळी पानं. पानं किती? हा जमला. पानं x धरली. व्हर्टेक्स 6+x, म्हणून एजेस 5+x. हँडशेक लेमाने 12+6+2+x = 2(5+x), म्हणजे x = 10.

दुसरा: ट्रीत k डिग्रीचा व्हर्टेक्स असेल (k ≥ 2), तर किमान k पानं असतात हे सिद्ध करा. मी लिहिलं, “v पासून k एजेस निघतात. प्रत्येकीवरून चालत गेलं की शेवटी पान लागतं. म्हणून k पानं.” त्यावर लाल शाईत फक्त “का?” आणि पाचपैकी दोन मार्क. चित्र काढलं की दिसतंच की! आणखी काय लिहायचं होतं?

रिकामा_संच
चालणं-बिलणं कशाला? बेरीज करायची. डिग्रींची बेरीज 2(n−1) आली की ग्राफ ट्रीच असतो, मग पानं आपोआप मोजता येतात.

जुना_खडू
रिकामा_संच, बेरजेचा रस्ता चांगला आहे, पण तुमचं पहिलं वाक्य उलटं पडलंय. एक त्रिकोण काढा आणि त्याच्या शेजारी सुटी एक एज. व्हर्टेक्स ५, डिग्री 2,2,2,1,1, बेरीज 8 = 2(5−1). ट्री आहे का? नाही. पाच व्हर्टेक्सच्या सरळ पाथच्या डिग्रीही अगदी ह्याच, आणि तो ट्री आहे. ग्राफ जोडलेला आहे की तुटलेला, हे बेरजेला दिसत नाही.

अर्धी_वही, तुमची कल्पना बरोबर आहे, फक्त दोन ‘का’ राहिले. चालणं थांबतं का? आलेल्या एजवरून परत फिरायचं नाही एवढा नियम ठेवा. जुना व्हर्टेक्स पुन्हा लागला तर सायकल होईल, आणि ट्रीत ती नसते. व्हर्टेक्स मोजकेच, म्हणजे कुठेतरी अडकणारच, आणि अडकाल ते पानावरच. दुसरा ‘का’ जास्त महत्त्वाचा: दोन वेगळ्या दिशांनी निघून एकाच पानावर पोचलो तर? मग v पासून त्या पानापर्यंत दोन वेगळे पाथ झाले, म्हणजे पुन्हा सायकल. तपासणाऱ्याला बहुतेक हेच हवं होतं. हे नसेल तर k चाली झाल्या, k पानं नाही.

आता बेरजेने. प्रत्येक व्हर्टेक्सच्या डिग्रीतून २ वजा करून बेरीज घ्या: 2(n−1) − 2n = −2. पान −1 देतं, २ डिग्रीवाला काहीच देत नाही, बाकीचे अधिक देतात. तुमच्या पहिल्या भागात 2+2+2+1+1+0−x = −2, पुन्हा x = 10. दुसऱ्या भागात v एकटाच k−2 देतो आणि उणे देणारी फक्त पानं. एकूण −2 व्हायला किमान k पानं लागतातच.

रूट_कुठाय
आमच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या नोट्समध्ये पानं = दोन मुलं असलेले नोड + १ असं आहे. इथे ३ डिग्रीवाले + २ निघतंय. कुठलं खरं?

अर्धी_वही
दोन्ही, बहुतेक? रूटला वर कोणी नाही, म्हणून दोन मुलं असूनही त्याची डिग्री २ च. ३ डिग्रीवाले त्यामुळे एकाने कमी.

जुना_खडू
हो, पण रूटला दोन मुलं असतील तरच. एकच मूल असेल तर ह्या हिशोबात रूटही पान ठरतो आणि तुमच्या नोट्समध्ये नाही. जमतं तरीही, लिहून बघा.

उलट_तपासणी
बेरजेच्या प्रूफवर माझी एक शंका. एजेस n−1 हे कुठून आणलं? आमच्याकडे ते पान काढून इंडक्शनने करतात, आणि पान असतंच हे ह्याच बेरजेने. हे गोल फिरणं झालं.

जुना_खडू
रास्त. सुटका अशी: पान न काढता कुठलीही एक एज काढा. ट्रीचे दोन छोटे ट्री होतात, a आणि b व्हर्टेक्सचे. इंडक्शनने (a−1)+(b−1), आणि काढलेली एक, म्हणजे a+b−1. पानाचा उल्लेखही नाही.

रिकामा_संच
एज काढल्यावर दोनच तुकडे होतात हेही सिद्ध करायला लागेल ना मग?

अर्धी_वही
आमच्या वहीत n−1 हे प्रमेय म्हणून दिलंय, प्रूफ ‘स्वाध्याय’. ते सरळ वापरलं तर चालतं की नाही, माहीत नाही. फेरतपासणीला मी चालण्याचंच प्रूफ देतोय, दोन्ही ‘का’ भरून.