सल्ला हवा: मेडिकलमध्ये आधी संपणारी बॅच आधीच विकली जावी म्हणून रॅक कसे लावायचे?

कर्वेनगर_मेडिकल

नमस्कार. सासऱ्यांचं औषधांचं दुकान आता मी आणि माझे मिस्टर चालवतो. मी स्वतः डी.फार्म आहे. नवा माल मागे, जुना पुढे, अशी आमची पद्धत. पण या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एका होलसेलरकडून अॅटोर्व्हास्टॅटिन १० च्या २० स्ट्रिप आल्या, त्यावर एक्सपायरी ५/२०२६ आहे. रॅकवर आधीच्या ३० स्ट्रिप आहेत, त्यांची ८/२०२७. म्हणजे नंतर आलेला माल आधी संपणार! महिन्याला साधारण ८ स्ट्रिप जातात. फेब्रुवारी संपत आलाय. हा माल पुढे लावू का? आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही लोक काय करता?

सिंहगडरोड_सचिन

ताई, फार विचार करू नका. आमचं किराणा आणि जनरल स्टोअर आहे, आम्हीही जुना पुढे, नवा मागे असंच लावतो, कधी अडचण आली नाही. फक्त ५/२०२६ म्हणजे १ मेला माल बाद, एवढं लक्षात ठेवा.

पेठेतला_फार्मासिस्ट

सचिनभाऊ, रॅक पुढून मागे लावायचा हे बरोबर. पण पुढे काय ठेवायचं ते माल कधी आला यावरून नाही, छापलेल्या तारखेवरून ठरवायचं. होलसेलरकडे माल दुसऱ्या दुकानातून परत येतो, कधी गोडाऊनच्या कोपऱ्यातून निघतो, त्यामुळे आजच्या खोक्यात मागच्या महिन्यातल्या खोक्यापेक्षा जवळची तारीख सहज असू शकते. आणि औषधावर नुसता महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. म्हणजे ५/२०२६ चा माल ३१ मेपर्यंत चालतो.

पण ताई, दुकानात ३१ मे ही तारीख उपयोगाची नाही, कारण आपण विकतो त्या दिवशी पेशंट सगळ्या गोळ्या खात नाही. रोज एक गोळी, दहाची स्ट्रिप. महिन्याचं औषध म्हणजे तीन स्ट्रिप, तीस दिवस. २ मेला घेतल्या आणि त्याच दिवशी सुरू केल्या तर शेवटची गोळी ३१ मेला जाते. ३ मेला घेणाऱ्याच्या शेवटच्या गोळीला एक्सपायरी उलटलेली असते. दोन महिन्यांचं एकदम नेणारे असतील तर त्यांच्यासाठी हा माल २ एप्रिलनंतरच बंद. एकच स्ट्रिप नेणाऱ्याला मात्र २२ मेपर्यंत देता येईल. आणि घरी आधीच्या गोळ्या शिल्लक आहेत का, हे विचारा. असतील तर तेवढे दिवस या सगळ्या तारखा अलीकडे आणा.

आता तुमचा हिशोब. मार्चमध्ये ८, एप्रिलमध्ये ८, झाल्या १६. उरल्या ४. मेमध्ये सुट्या स्ट्रिपवाल्यांना एखाद-दुसरी जाईल, तिच्यावर भरवसा नको. म्हणून १६ पुढे लावा आणि ४ आजच होलसेलरकडे परत पाठवा. माल नुकताच आलाय, बिल ताजं आहे, आत्ता ते ऐकतील. मेमध्ये गेलात तर परतीची अट, मुदत, कपात, सगळं त्यांच्या हातात.

कर्वेनगर_मेडिकल

हे फारच उपयोगी आहे, दादा. पण आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आपोआप ८/२०२७ वाली बॅच उचलतंय, ती आधी एंटर झाली म्हणून. आम्ही हातात ५/२०२६ वाली देतो. त्याने काय बिघडतं?

पेठेतला_फार्मासिस्ट

बरंच बिघडतं. कॉम्प्युटर म्हणेल ५/२०२६ च्या २० शिल्लक, रॅकवर असतील ४. मग जवळच्या एक्सपायरीची यादी काढलीत तरी ती खोटी. कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर ती कोणाला दिली हे बिलावरून सापडणार नाही. शिवाय दोन बॅचवर एमआरपी वेगळी असू शकते. हातातल्या स्ट्रिपवर कमी आणि बिलावर जास्त आली तर ग्राहकाची तक्रार रास्तच आहे.

सेटिंगमध्ये बॅच आवकेच्या क्रमाने निवडायची की एक्सपायरीच्या, असा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो बदलून घ्या. तरीही बिल करताना स्ट्रिपवरचा बॅच नंबर स्क्रीनशी जुळवायची सवय लावा. मी रोज एकच कप्पा जुळवतो, मोजून आणि तारखा वाचून. सगळं दुकान एकदम करायला बसलं की अर्ध्यातच सोडून द्यावं लागतं. खोक्याच्या पुढच्या झाकणावर मार्करने महिना-वर्ष मोठं लिहा, म्हणजे काउंटरवरच्या मुलाला खोकं काढून बघावं लागत नाही.

औंधची_नीता

माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. घरी आईच्या बीपीच्या गोळ्या आहेत, स्ट्रिप कापलेली, तारीखच दिसत नाही. त्या टाकून द्याव्यात का? कुठल्या रॅकमध्ये ठेवायच्या?

पेठेतला_फार्मासिस्ट

नीताताई, धागा दुकानाच्या मांडणीचा आहे, पण तुमचा प्रश्न त्यातलाच. तारीख कळत नसेल तर त्या गोळ्या आईंना देऊ नका, नव्या आणा. आणि दुकानदारांनो, हे आपल्यामुळे होतं. छाप स्ट्रिपच्या एका टोकाला असतो. कापताना दुसऱ्या टोकाकडून कापा, म्हणजे दुकानात उरलेल्या तुकड्यावर तारीख राहते. ग्राहकाच्या कागदी पाकिटावर मात्र नाव, बॅच आणि एक्सपायरी पेनने लिहून द्यायची. कापलेली स्ट्रिप पुन्हा खोक्यात मागे टाकू नका. तिची जागा सगळ्यांत पुढे, पण त्याच बॅचच्या पुढे. दुसऱ्या बॅचच्या खोक्यात गेली की तिच्यावर चुकीची तारीख धरली जाते.

रुग्णालय_स्टोअर

मी एका खासगी हॉस्पिटलच्या स्टोअरला आहे. फ्रिजचं वेगळं बघा. इन्सुलिनच्या वायल बाहेरच्या तारखेने लावल्या तरी एकदा उघडली की बहुतेक प्रकारांना २८ दिवसांची वेगळी मुदत असते. वॉर्डात उघडलेल्या वायलवर आम्ही उघडल्याची तारीख लिहितोच. आणि एक्सपायर झालेला माल फ्रिजमध्ये किंवा रॅकच्या मागे ठेवू नका. वेगळ्या खोक्यात, वर ठळक 'विक्रीसाठी नाही' लिहून ठेवा. परत जाईपर्यंत तो तसा वेगळा ठेवणं नियमातच आहे. औषध निरीक्षक आधी तेच बघतात.

मात्र एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. जवळच्या तारखेचा माल काउंटरवर सगळ्यांना द्यायला माझा विरोध आहे. वयस्कर पेशंट गोळ्या चुकवतात, तीस दिवसांचं औषध चाळीस दिवस पुरवतात. २ मे हा हिशोब त्यांच्याबाबतीत चालत नाही.

पेठेतला_फार्मासिस्ट

मान्य, पंधरा दिवस अलीकडे थांबावं. पण ते सगळ्याच औषधांना लावलं तर छोट्या दुकानाचा परतीचा माल वाढतो आणि तो कोणी घेत नाही.

कर्वेनगर_मेडिकल

४ स्ट्रिप उद्याच पाठवते. सेटिंगही बदलायला सांगितलंय. पंधरा दिवस आधी थांबायचं तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यातली विक्रीही जाते, म्हणजे ४ ऐवजी ८ परत पाठवाव्यात का? होलसेलर एवढ्या घेईल का, हे विचारून कळवते.